एकाच पोर्टवर इंटरनेट चालतं, बाकीच्यांवर नाही: प्रत्येक पोर्ट कसा तपासायचा

राउटरच्या मागे चार लॅन पोर्ट आहेत. पहिल्यात केबल लावली की इंटरनेट चालतं, बाकीच्या तिघांत लावली की चालत नाही. रीसेट केल्यावर कधीकधी सगळे पोर्ट सुरू होतात आणि पुढच्या रीस्टार्टनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या तक्रारीवर बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: पोर्ट गेले, राउटर बदला. अधूनमधून ते बरोबरही ठरतं. पण दिवा लागतो आणि तरी इंटरनेट येत नाही, असे पोर्ट बऱ्याचदा धडधाकट असतात. राउटरच्या एखाद्या सेटिंगने त्यांना इंटरनेटपासून वेगळं ठेवलेलं असतं. काही वेळा तर दोष पोर्टचा नसतोच, आणि नवा राउटर आणूनही तो जात नाही. म्हणून खर्च करण्याआधी प्रत्येक पोर्ट नीट तपासून घ्या. तपासणीला एक लॅपटॉप आणि एक चांगली केबल पुरते.

आतली रचना थोडक्यात माहीत असली की पुढचं सोपं जातं. घरगुती राउटरमध्ये चारही लॅन पोर्ट सहसा एकाच स्विच चिपला जोडलेले असतात. प्रत्येक पोर्टला स्वतःचं सॉकेट, स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि चिपमधला स्वतःचा सर्किटचा भाग असतो. तिथून पुढे राउटरच्या प्रोसेसरपर्यंतची आणि बाहेर इंटरनेटकडे जाणारी वाट सगळ्यांची एकच. एका पोर्टवर इंटरनेट चालतंय म्हणजे ती सामाईक वाट शाबूत आहे. मग उरतात तीन शक्यता. एक, त्या विशिष्ट पोर्टचं सॉकेट किंवा सर्किट खराब आहे. दोन, कोणत्या पोर्टची माहिती कुठे जाऊ द्यायची याचा राउटरमधला नियम आडवा येतोय. तीन, पोर्ट चांगला आहे आणि गडबड त्यात लावलेल्या केबलची किंवा उपकरणाची आहे.

एक गोष्ट आधी बघून घ्या. पाच सॉकेटपैकी वेगळ्या रंगाचं किंवा थोडं बाजूला असलेलं सॉकेट बहुतेक वेळा वॅनचं असतं. बाहेरून येणारी केबल तिथे लावायची असते, कॉम्प्युटर नाही. तो पोर्ट मोजणीत धरू नका.

पोर्ट की उपकरण?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पहिल्या पोर्टात कॉम्प्युटर, दुसऱ्यात टीव्ही, तिसऱ्यात प्रिंटर लावलेला असतो. कॉम्प्युटर चालतो, बाकीचे चालत नाहीत, आणि निष्कर्ष निघतो की दुसरा आणि तिसरा पोर्ट बिघडलाय. पण इथे पोर्ट, केबल आणि उपकरण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वेगळ्या आहेत, त्यामुळे दोष कुणाचा हे कळायला मार्ग नाही.

म्हणून जो कॉम्प्युटर ज्या केबलने पहिल्या पोर्टवर चालतो, तोच कॉम्प्युटर तीच केबल घेऊन एकेका पोर्टवर फिरवा. बाकीच्या सगळ्या केबली काढून ठेवा. लॅपटॉप असेल तर त्याचं वाय-फाय बंद करा, आणि हे अजिबात विसरू नका. वाय-फाय चालू राहिलं तर केबलचा पोर्ट मेलेला असतानाही पान उघडतं आणि सगळे पोर्ट ठीक आहेत असं वाटतं. व्हीपीएन असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद ठेवा.

या एका फेरीनंतर प्रश्नाला फाटे फुटतात. तोच कॉम्प्युटर काही पोर्टांवर चालला आणि काहींवर नाही, तर दोष खरंच पोर्टशी बांधलेला आहे. तो कसा ओळखायचा ते पुढे येतंच. पण तो चारही पोर्टांवर चालला, तर पोर्ट निर्दोष आहेत. मग तुमची खरी तक्रार "एकच पोर्ट चालतो" ही नसून "एका वेळी एकच उपकरण चालतं" किंवा "ठरावीक उपकरणच चालतं" ही आहे.

हा दुसरा फाटा लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी अ‍ॅड्रेस वाटून देतो. वाटायला ठेवलेले अ‍ॅड्रेस संपले असतील तर ज्याच्याकडे आधीपासून अ‍ॅड्रेस आहे ते उपकरण चालत राहतं आणि नव्याने जोडलेल्याला काहीच मिळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पोर्ट बंद आहे. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये वाटपाची सुरुवात आणि शेवट दिलेला असतो. उदाहरणार्थ 192.168.1.100 ते 192.168.1.110 असं असेल तर वाय-फायवरच्या फोनांसकट एकूण 11 उपकरणांनाच जागा आहे. शेवटचा आकडा वाढवून सेटिंग सेव्ह केली की काम होतं. मात्र तुम्ही हाताने ठरवून दिलेला एखादा अ‍ॅड्रेस या नव्या पट्ट्यात येत नाही ना, ते पाहा.

दुसरं कारण म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेली पेटी ब्रिज मोडमध्ये असणं. या मोडमध्ये ती राउटरचं काम करतच नाही, बाहेरून आलेलं कनेक्शन जसंच्या तसं पुढे देते. अशा कनेक्शनवर इंटरनेट कंपनी अनेकदा एकच अ‍ॅड्रेस देते, आणि जे उपकरण आधी जोडलं जाईल त्यालाच तो मिळतो. याची खूण सोपी आहे. चालणाऱ्या कॉम्प्युटरचा अ‍ॅड्रेस 192.168 किंवा 10 ने, किंवा 172.16 ते 172.31 पैकी एखाद्याने सुरू होत नसेल, तर तो घरातल्या राउटरने दिलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. इथे उपाय पोर्टमध्ये शोधून सापडणार नाही. त्या पेटीपुढे एक राउटर लावायचा, किंवा पेटीच राउटर मोडमध्ये आणून घ्यायची.

चार पायऱ्या

आता पहिल्या फाट्याकडे येऊ: तोच कॉम्प्युटर, तीच केबल, आणि तरी काही पोर्ट चालत नाहीत. "चालत नाही" एवढं पुरेसं नाही. नेमकं कुठपर्यंत पोहोचतं आणि कुठे अडतं ते बघायचं. पायऱ्या चार आहेत: दिवा, अ‍ॅड्रेस, राउटर आणि बाहेरचं जग. प्रत्येक पोर्टवर याच क्रमाने जा आणि कागदावर लिहून ठेवा. चौथ्या पोर्टवर येईपर्यंत दुसऱ्यावर काय दिसलं होतं ते डोक्यात राहत नाही.

केबल लावल्यावर राउटरवरचा त्या पोर्टचा दिवा आणि लॅपटॉपच्या सॉकेटजवळचा दिवा लागतो का ते बघा. पाचेक सेकंद थांबा, काही पोर्ट जोडणी ठरवायला थोडा वेळ घेतात. सगळ्याच उपकरणांना दिवे नसतात. विंडोजवर पॉवरशेल उघडून ही आज्ञा दिली तरी तेच कळतं, आणि वर वेगही कळतो:

```
Get-NetAdapter -Physical | Format-Table Name, Status, LinkSpeed
```

`Status` खाली `Up` असेल तर जोडणी झाली आहे. `Disconnected` असेल तर झालेली नाही, आणि मग पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

जोडणी झाली की अ‍ॅड्रेस बघा:

```
ipconfig
```

लिनक्सवर यासाठी `ip addr` चालते. केबल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात लावल्यावर कॉम्प्युटर नव्याने अ‍ॅड्रेस मागतो, त्याला मिनिटभर द्या. 192.168.1.5 असा काहीतरी, म्हणजे राउटरच्याच पट्ट्यातला अ‍ॅड्रेस आला तर राउटरशी बोलणं झालं. 169.254 ने सुरू होणारा आला तर कॉम्प्युटरने हाक मारली, पण कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक अ‍ॅड्रेस घेतला. तो अ‍ॅड्रेस इंटरनेटच्या उपयोगाचा नसतो.

मग राउटरला आणि त्यानंतर बाहेर हाक मारा. `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर दिसतो तो राउटरचा अ‍ॅड्रेस. तुमचा वेगळा असेल तर इथे तो घाला:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

8.8.8.8 ला उत्तर येतं पण वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर पोर्टचं काम झालेलं आहे. अडचण नावावरून अ‍ॅड्रेस शोधण्याची, म्हणजे डीएनएसची आहे.

तपासताना एक प्रयोग मात्र करू नका. पोर्टचे दिवे लागतात का हे बघायला काही जण एकाच राउटरच्या दोन लॅन पोर्टांमध्ये एक केबल लावून बघतात. दिवे लागतात खरे, पण आत गोल रस्ता तयार होतो. सगळ्यांना उद्देशून असलेले संदेश त्या गोलात फिरत आणि वाढत राहतात, आणि ज्या राउटरला असा गोल ओळखता येत नाही त्याचं सगळं नेटवर्क ठप्प होतं. चालू असलेलं वाय-फायही जातं. तुमच्या राउटरमागे केबलींचं जंजाळ असेल तर चुकून अशी एखादी केबल लागलेली नाही ना, तेही बघून घ्या.

एक तपासणी, आकड्यांसकट

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या पेटीत हा दोष फार वेळा दिसतो, म्हणून तसंच उदाहरण घेतो. पेटीला चार लॅन पोर्ट आहेत आणि वाय-फाय व्यवस्थित चालतंय. एकच लॅपटॉप आणि एकच केबल घेऊन पायऱ्या तपासल्या तर कागदावर साधारण हे उतरतं.

पहिला पोर्ट: जोडणी 1 जीबीपीएस, अ‍ॅड्रेस 192.168.1.5, राउटरचं उत्तर येतं, 8.8.8.8 चंही येतं. दुसरा पोर्ट: जोडणी 1 जीबीपीएस, अ‍ॅड्रेस तोच 192.168.1.5, राउटर उत्तर देतो, त्याचं सेटिंगचं पानही उघडतं, पण 8.8.8.8 कडून काहीच नाही. तिसरा पोर्ट: दुसऱ्यासारखाच. चौथा पोर्ट: जोडणी 1 जीबीपीएस, दिवा लागलेला, पण अ‍ॅड्रेस 169.254 चा आणि राउटरला हाक मारली तर उत्तर नाही.

या नोंदी वाचायच्या कशा? चारही पोर्टांवर 1 जीबीपीएसची जोडणी होते, म्हणजे सॉकेट, तारा आणि सर्किट सगळीकडे काम करतायत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पोर्टवरून राउटरपर्यंत जाता-येता येतं. राउटरच्या पुढे जाऊ दिलं जात नाही. हा हार्डवेअरचा बिघाड असूच शकत नाही, कारण राउटरचं पान उघडायलाही माहिती त्याच तारांवरून जावी-यावी लागते. इथे बाहेरचं कनेक्शन फक्त पहिल्या पोर्टला आणि वाय-फायला बांधून दिलेलं आहे.

चौथ्या पोर्टची गोष्ट वेगळी. जोडणी आहे, पण राउटर तिथे भेटतच नाही. त्या पोर्टला घरातल्या नेटवर्कमधून काढून वेगळ्या वाटेवर घातलंय, बहुधा टीव्हीच्या सेट टॉप बॉक्ससाठी. इथे खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरला हाताने अ‍ॅड्रेस देऊन बघा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
netsh interface ip set address name="Ethernet" static 192.168.1.50 255.255.255.0 192.168.1.1
ping 192.168.1.1
netsh interface ip set address name="Ethernet" dhcp
```

`Ethernet` च्या जागी वरच्या आज्ञेत `Name` खाली दिसलेलं नाव घाला. 192.168.1.50 हा अ‍ॅड्रेस दुसऱ्या कोणत्या उपकरणाकडे नाही हेही पाहा. हाताने अ‍ॅड्रेस दिल्यावर राउटरने उत्तर दिलं तर फक्त अ‍ॅड्रेस वाटण्याचं काम त्या पोर्टवर बंद आहे. उत्तर दिलं नाही तर जोडणी असूनही पोर्ट घरच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळा आहे. आपल्या उदाहरणात उत्तर येत नाही, म्हणून वेगळी वाट हाच अंदाज पक्का होतो. तिसरी ओळ चालवायला विसरू नका. नाहीतर पुढे प्रत्येक पोर्टवर आणि दुसऱ्या कोणत्याही नेटवर्कवर हाच अ‍ॅड्रेस कायम राहील आणि तुम्ही नवीनच कोड्यात पडाल.

राउटरच्या पानावर काय शोधायचं

ही बांधणी कुठे केलेली असते ते पेटीगणिक बदलतं. काही पेट्यांत वॅन कनेक्शनच्या पानावर खाली `Binding` किंवा `Port Binding` असं लिहून LAN1, LAN2, LAN3, LAN4 आणि वाय-फायसाठी SSID1 अशा चौकटी दिलेल्या असतात. आपल्या उदाहरणात इंटरनेटच्या कनेक्शनखाली फक्त LAN1 आणि SSID1 वर खूण दिसेल. LAN2 आणि LAN3 वरही खूण करून सेव्ह केलं की दुसरा-तिसरा पोर्ट बाहेर जाऊ लागतो. काही पेट्यांत `LAN Port Work Mode` असं वेगळं पान असतं. तिथे ज्या पोर्टवर खूण नसते त्याला राउटर अ‍ॅड्रेस देत नाही. डीएसएलच्या राउटरांवर `Interface Grouping` हे नाव जास्त दिसतं, आणि स्वतः विकत घेतलेल्या राउटरवर बहुधा `IPTV` किंवा `IPTV/VLAN` नावाच्या पानावर प्रत्येक पोर्टसमोर `Internet` की `IPTV` अशी निवड असते.

बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. आणि एका वेळी एकाच पोर्टची खूण बदला, सेव्ह करा, मग तपासा. ज्या पोर्टवरून तुम्ही राउटरच्या पानात शिरला आहात त्याची बांधणी चुकून काढली तर पान तिथेच तुटतं. म्हणून हे काम चालणाऱ्या पहिल्या पोर्टवरूनच करा आणि त्या पोर्टला हात लावू नका. व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरून जाणाऱ्या वेगळ्या वाटेचा, जो आकडा तिथे लिहिलेला असतो तोही तसाच राहू द्या. तो कंपनीच्या जाळ्याशी जुळवलेला असतो आणि बदलला तर पहिल्या पोर्टवरचं इंटरनेटही जाईल.

चौथा पोर्ट इंटरनेटकडे वळवण्याआधी घरात कोणी सेट टॉप बॉक्स त्यावर लावत नाही ना, हे विचारून घ्या. लावत असेल तर तो पोर्ट तिथे योग्य कारणासाठी वेगळा आहे आणि तसाच राहिला पाहिजे.

ओपनडब्ल्यूआरटीसारखी प्रणाली स्वतः घातली असेल तर हाच दोष दुसऱ्या रूपात येतो: `br-lan` या ब्रिजमधून एखादा पोर्ट गळलेला असतो. नव्या आवृत्त्यांमध्ये `bridge link` ही आज्ञा कोणते पोर्ट ब्रिजमध्ये आहेत ते दाखवते; आज्ञा सापडत नसेल तर आधी `ip-bridge` हे पॅकेज घाला. व्हीलॅन वापरत असाल तर `bridge vlan show` सुद्धा बघा. काही राउटरांत पेटीवर छापलेला पोर्टचा क्रमांक आणि आतला क्रमांक उलट असतात, म्हणून केबल लावून-काढून कोणता पोर्ट वर-खाली होतो ते आधी जुळवून घ्या.

दुरुस्त केलं तरी परत तसंच का होतं

बांधणी बदलली, सगळे पोर्ट चालले, आणि काही काळाने पुन्हा फक्त पहिलाच चालू राहिला, याला कारण आहे. कंपनीने दिलेल्या पेट्या दुरून चालवल्या जातात. टीआर-069 नावाच्या पद्धतीत पेटी सुरू झाल्यावर, आणि मधूनमधून ठरावीक वेळाने, कंपनीच्या सर्व्हरशी बोलते आणि तो सर्व्हर तिला सेटिंग पाठवू शकतो. फायबरच्या पेटीला तर केबलच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राकडूनही सेटिंग मिळतात. त्या सर्व्हरवर तुमच्या कनेक्शनचा जो साचा आहे त्यात फक्त LAN1 ला इंटरनेट असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही केलेला बदल साचा पुन्हा आला की पुसला जातो. रीसेटने होणारी तात्पुरती सुधारणाही यातूनच समजते. पेटी कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेली तेव्हा बांधणी नव्हती, साचा आल्यावर ती परत आली.

हे खरंच तसंच होतंय का ते पाहायला बदल सेव्ह करा, पोर्ट चालतो याची खात्री करा, पेटी रीस्टार्ट करा, थोडा वेळ द्या आणि बांधणीचं पान पुन्हा उघडा. खुणा गेलेल्या असतील तर साचाच तिथे हात घालतोय. मग पुन्हा पुन्हा रीसेट करू नका. शिवाय रीसेटने कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात आणि जे चालतंय तेही बंद पडू शकतं.

कंपनीला कळवताना "पोर्ट खराब आहेत" म्हणू नका, कारण मग माणूस येईल, दिवे लागतात हे बघेल आणि जाईल, किंवा तशीच दुसरी पेटी लावेल आणि तिच्यावरही तोच साचा येईल. असं सांगा: LAN1 वर इंटरनेट आहे, LAN2 आणि LAN3 वर 192.168 चा अ‍ॅड्रेस मिळतो आणि राउटर उत्तर देतो, पण बाहेर जाता येत नाही, तेव्हा इंटरनेटच्या वॅन कनेक्शनला LAN2 आणि LAN3 बांधून द्या आणि तुमच्याकडच्या प्रोफाइलमध्येही तसा बदल करा. हे वाक्य ऐकून समोरचा माणूस तक्रार नेमकी कुठे पाठवायची ते ठरवू शकतो.

तोवर थांबायचं नसेल तर चालणाऱ्या पहिल्या पोर्टवर एक साधा पाच पोर्टांचा स्विच लावा. त्याला काही सेटिंग लागत नाही. एक पोर्ट राउटरकडे जातो, चार मोकळे राहतात. त्या चौघांना मिळून राउटरकडे जाणारी एकच तार आहे, पण 1 जीबीपीएसची असली तर घरच्या इंटरनेटला ती सहसा पुरून उरते. मात्र पेटी ब्रिज मोडमध्ये असेल, किंवा अ‍ॅड्रेस संपल्याचा दोष असेल, तर स्विचने काही फरक पडणार नाही.

पोर्ट खरंच खराब असतो तेव्हा

खऱ्या बिघाडाची खूण म्हणजे त्याच केबलने, त्याच लॅपटॉपने इतर पोर्टांवर दिवा लागतो आणि या एका पोर्टवर लागत नाही. राउटर बंद करून, सगळ्या केबली काढून सॉकेटमध्ये टॉर्च मारा. आठ बारीक सोनेरी तारा एका ओळीत, एका उंचीवर दिसल्या पाहिजेत. एखादी दबलेली, वाकलेली किंवा हिरवट काळी पडलेली असेल तर कारण सापडलं. दाबलेली तार पिनने उचलायचा मोह होतो, पण ती परत पुरेसा ताण धरत नाही आणि शेजारच्या तारेला टेकली तर अजून नुकसान होतं. त्यापेक्षा तो पोर्ट सोडून द्या. सॉकेट स्वच्छ दिसत असेल आणि तरी दिवा नसेल, तर बहुधा आतलं सर्किट गेलंय. वीज कडाडल्यानंतर असं झालं असेल तर त्या पोर्टला जी लांब केबल जात होती तिच्या दुसऱ्या टोकाचं उपकरणही तपासा, कारण धक्का बहुधा त्या केबलीतून आलेला असतो.

दिवा लागतो, पण वेग 100 एमबीपीएस दिसतो, हा प्रकार अर्धवट बिघाडाचा आहे. 100 च्या जोडणीला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, 1 जीबीपीएसच्या जोडणीला चारही. 100 ला न लागणाऱ्या एखाद्या जोडीची तार तुटली तर जोडणी बहुधा 100 वर उतरते आणि चालत राहते. तीच केबल दुसऱ्या पोर्टवर 1 जीबीपीएस दाखवत असेल तर दोष पोर्टचा आहे, तिथेही 100 च दिसत असेल तर केबलचा. काही राउटरांचे पोर्ट मुळातच 100 चे असतात, म्हणून आधी चालणाऱ्या पोर्टवर किती दिसतं ते बघून तुलना करा.

पोर्ट मधूनच तुटत असेल, तर एक लांब चाचणी घ्या. राउटरला मोठ्या आकाराचे निरोप पाठवत राहा:

```
ping -n 300 -l 1400 192.168.1.1
```

ही साधारण पाच मिनिटं चालते. चांगल्या केबलवर आणि मोकळ्या राउटरवर शेवटी `Lost = 0` आलं पाहिजे. चालू असताना केबलचा प्लग सॉकेटमध्ये हलकेच वर-खाली हलवा. हलवल्यावरच निरोप हरवत असतील तर प्लगची कडी किंवा सॉकेटच्या तारा सैल आहेत, आणि प्लग नवा लावूनही तेच होत असेल तर सॉकेट. न हलवताही हरवत असतील तर हीच आज्ञा चालणाऱ्या पोर्टवर देऊन तुलना करा. तिथे शून्य आणि इथे मात्र दर फेरीला काही ना काही हरवत असेल, तर त्या पोर्टवर चिकटपट्टी लावून बंद करा आणि गरज असेल तितके पोर्ट स्विचवरून घ्या. एकाच पोर्टसाठी पूर्ण राउटर बदलायची गरज नाही. पण काही आठवड्यांत दुसराही पोर्ट तसाच वागू लागला, तर बिघाड चिपकडे सरकतोय, आणि तेव्हा मात्र राउटर बदलणंच योग्य.